एक्के विचारण्याआधी

मेंढीकोटमध्ये चारही दश्श्या आपल्याकडे आल्या की कोट लागतो. आधी कोणी काही बोललेले असो वा नसो. ब्रिजमध्ये असे चालत नाही. तेरापैकी बारा हात तुम्ही केलेत, पण तेवढे करू असे खेळ सुरू होण्यापूर्वी बोलला नव्हता, तर मोठे बक्षीस मिळत नाही. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बांधली, तेव्हा हा नियम त्यांनी तिच्या मध्यभागी ठेवला. त्याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये न बोलता बारा हात झाले तरी बक्षीस मिळत असे. नव्या नियमामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. तेरा पाने माझ्या हातात, तेरा समोरच्या भिडूच्या हातात; एकमेकांची पाने न बघता, दोघांची मिळून बारा हात होतील हे ओळखायचे कसे?

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडी ओळख. चार जण खेळतात आणि समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. बोली एकपासून सातपर्यंत चढते आणि तिच्यात सहा मिळवले की किती हात करायचे ते कळते. म्हणजे ‘चार इस्पिक’ याचा अर्थ इस्पिक हुकूम ठेवून दहा हात. सहाची बोली म्हणजे बारा हात, हा छोटा स्लॅम. सातची म्हणजे सगळे तेरा हात, हा मोठा स्लॅम. रंगांना चढता क्रम असतो: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांच्या वर नो ट्रंप, म्हणजे हुकमाशिवायचा खेळ. प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीच्या वरची असावी लागते, मागे येता येत नाही. पानांची ताकद मोजायला एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक पॉइंट धरतात. चारही रंगांचे मिळून असे चाळीस पॉइंट होतात.

आता स्लॅमचा हिशेब. ब्रिजमध्ये काही डावांत एखादी जोडी ‘व्हल्नरेबल’ असते. तिला बक्षीसही जास्त मिळते आणि दंडही जास्त बसतो. अशा जोडीने चार इस्पिक बोलून बारा हात केले तर ६८० गुण मिळतात. सहा इस्पिक बोलून तेच बारा हात केले तर १४३०. म्हणजे धाडसाची कमाई ७५०. पण सहा बोलून अकराच हात झाले तर चार इस्पिकचे ६५० हातचे जातात आणि वर १०० दंड बसतो. तोटाही नेमका ७५०. त्यामुळे छोटा स्लॅम जमण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच तो बोलावा. मोठ्या स्लॅमचे गणित कडक आहे. सहावरून सातवर गेल्याने वाढतात ७५०, पण एक हात कमी पडला तर जातात १५३०. तिथे तीनपैकी दोनदा यश मिळण्याइतकी खात्री हवी. राजांची चौकशी एक्क्यांच्या नंतर का येते, याचे कारण याच आकड्यांत आहे.

सुरुवातीच्या काळात अमेरिकेत एली कल्बर्टसन यांची पद्धत चाले. तिच्यात ‘चार नो ट्रंप’ बोलणाऱ्याला स्वतःकडे तीन एक्के, किंवा दोन एक्के आणि जोडीने बोललेल्या एखाद्या रंगाचा राजा असल्याशिवाय ती बोली बोलताच येत नसे. इंडियानापोलिस शहरात विमा व्यवसायात असलेले ईझ्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये ही अट काढून टाकली. त्यांचे म्हणणे साधे होते. ‘चार नो ट्रंप’ ही खेळायची बोली नसून निव्वळ प्रश्न आहे: भिडू, तुझ्याकडे एक्के किती? उत्तर पायऱ्यांनी द्यायचे. पाच किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही. पाच चौकट म्हणजे एक. पाच बदाम म्हणजे दोन. पाच इस्पिक म्हणजे तीन. उत्तरात आलेल्या रंगाचा त्या रंगाच्या पानांशी काही संबंध नसतो. इतके सोपे असल्यामुळे ही पद्धत जगभर पसरली, आणि त्याच सोपेपणामुळे तिचा गैरवापरही सर्वांत जास्त होतो.

ब्लॅकवुड कोणत्या पानांवर शोभते ते आधी बघू. दक्षिणेला बसलेल्या खेळाडूकडे ही पाने आहेत:

इस्पिक – राजा, राणी, गुलाम, ९, ६
बदाम – ५
चौकट – राजा, राणी, गुलाम, १०, २
किलवर – एक्का, राजा

दक्षिणेने एक इस्पिक म्हणून सुरुवात केली आणि उत्तरेच्या भिडूने तीन इस्पिक असे उत्तर दिले. या उत्तराचा ठरलेला अर्थ असा, की माझ्याकडे चार इस्पिक आहेत आणि दहा ते बारा पॉइंट आहेत. दक्षिणेने आपल्या पानांकडे पुन्हा पाहिले तर काय दिसते? इस्पिक भरभक्कम, चौकट भरभक्कम, किलवरमध्ये काही जाणार नाही, बदामाचे एकच पान. हात जातील ते फक्त इस्पिक, बदाम आणि चौकट या तीन एक्क्यांवर. म्हणजे जाणून घ्यायची एकच गोष्ट उरली, ती म्हणजे यातले भिडूकडे किती आहेत. दोन असतील तर एकच हात जाईल, म्हणून सहा इस्पिक. तिन्ही असतील तर इस्पिकचे पाच, चौकटचे पाच, किलवरचे दोन आणि बदामाचा एक असे तेरा हात दिसतातच, म्हणून सरळ सात इस्पिक. एकच असेल तर दोन एक्के जाणार, म्हणून पाच इस्पिकवर थांबायचे.

आणि एकही नसेल तर? मग तीन हात जातील आणि पाच इस्पिकसुद्धा बुडेल. ही भीती रास्त आहे आणि विचारण्यापूर्वीच तिचा निकाल लावायला हवा. दक्षिणेकडे १९ पॉइंट आहेत, तेव्हा बाहेर राहिले २१. त्यातले १२ तीन एक्क्यांचे. उरलेले नऊ म्हणजे बदामाचे राजा, राणी, गुलाम आणि किलवरचे राणी, गुलाम. ही सगळी पाने भिडूकडे असली तरी त्याचे नऊच पॉइंट होतात आणि त्याने तर किमान दहा सांगितले आहेत. म्हणजे एक एक्का त्याच्याकडे असलाच पाहिजे. पाच इस्पिक सुरक्षित आहे. आता निर्धास्तपणे ‘चार नो ट्रंप’ म्हणावे.

या एका डावात ब्लॅकवुडचे सगळे मर्म आले. विचारणाऱ्याने प्रश्न टाकण्यापूर्वी प्रत्येक संभाव्य उत्तराला आपण काय करणार हे ठरवून ठेवलेले असते आणि कोणत्याही उत्तराने तो अडचणीत येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बारा हात कुठून येणार याचा हिशेब त्याने आधीच केला होता. एक्के विचारल्याने हात वाढत नाहीत. विरोधक सुरुवातीलाच दोन एक्के घेऊन डाव बुडवणार नाहीत ना, एवढेच त्यातून कळते. स्लॅम शोधायचे काम आधीच्या बोल्यांचे; ब्लॅकवुडचे काम वाईट स्लॅमपासून वाचवण्याचे.

आता अशी पाने बघा जिथे हाच प्रश्न फसवतो:

इस्पिक – एक्का, राजा, गुलाम, ९, ६, २
बदाम – एक्का, राजा, राणी
चौकट – ८, ५
किलवर – राजा, ७

वीस पॉइंट, सहा हुकूम, आणि भिडूने पुन्हा तीन इस्पिक म्हटले आहे. हात शिवशिवतो आणि बरेच खेळाडू लगेच चार नो ट्रंप म्हणतात. समजा उत्तर आले पाच चौकट, म्हणजे एक एक्का. एकूण एकच एक्का बाहेर, तेव्हा सहा इस्पिक बोलायला हरकत नाही असे वाटते. पण भिडूची पाने दोन तऱ्हांची असू शकतात. पहिल्या तऱ्हेत त्याच्याकडे इस्पिकची राणी, चौकटचे एक्का-राजा आणि किलवरची राणी आहे. मग इस्पिकचे सहा, बदामाचे तीन, चौकटचे दोन आणि किलवरचा एक असे बारा हात होतात आणि फक्त किलवरचा एक्का जातो. दुसऱ्या तऱ्हेत त्याच्याकडे इस्पिकची राणी, चौकटचे राणी-गुलाम आणि किलवरचे एक्का-राणी आहेत. दोन्हीकडे पॉइंट अकरा, दोन्हीकडे एक्का एक. पण दुसऱ्या वेळी विरोधक चौकटच्या एक्क्याची उतारी करतात, मागोमाग राजा खेळतात, आणि तिसरे पान पडण्याआधीच डाव बुडालेला असतो.

उत्तर खरे होते, पण प्रश्नच चुकीचा होता. इथे एक्के किती यापेक्षा चौकटचे पहिले दोन हात कोण घेणार हे कळायला हवे होते. म्हणूनच जुने जाणते सांगतात, की एखाद्या रंगाची दोन छोटी पाने हाती असतील आणि त्या रंगाबद्दल भिडूने काही सांगितलेले नसेल, तर ब्लॅकवुडला हात घालू नये. एखाद्या रंगाचे एकही पान नसेल तेव्हाही हाच धोका असतो. भिडूने एक एक्का सांगितला आणि तो नेमका त्याच रंगाचा निघाला, तर जिथे हात जाणारच नव्हता तिथे तो एक्का घेऊन बसतो आणि बाकीच्या रंगांतली भोके तशीच राहतात.

अशा वेळी ‘क्यू बिड’ उपयोगी पडते. हुकूम ठरल्यानंतर भिडू एकेक रंग बोलून, त्या रंगात आपल्याकडे एक्का किंवा राजा आहे, निदान फार तर एकच पान आहे, हे सांगत जातात. आपल्या डावात दक्षिणेने तीन इस्पिकनंतर चार किलवर म्हटले, म्हणजे किलवरची काळजी नाही. पहिल्या तऱ्हेची पाने असलेला भिडू चार चौकट म्हणेल. तेवढ्याने चौकटची धास्ती संपली. आता दक्षिणेने चार नो ट्रंप विचारावे, एक एक्का ऐकावा आणि सहा इस्पिक बोलावे. दुसऱ्या तऱ्हेची पाने असलेल्या भिडूला चार चौकट म्हणता येणार नाही, बदामातही त्याच्याकडे काही नाही, म्हणून तो चार इस्पिकवर येईल. चौकट वगळलेली पाहून दक्षिणेला कळते, की दोघांकडेही चौकटचा बंदोबस्त नाही. तो पास म्हणतो आणि दोघे ६५० गुण घेऊन पुढच्या डावाकडे वळतात.

मूळ ब्लॅकवुडमधली दुसरी उणीव हुकमाच्या राजाची. साध्या पद्धतीत तो मोजलाच जात नाही. पण एक एक्का बाहेर असताना हुकमाचा राजाही बाहेर असेल, तर स्लॅमचे भवितव्य तो राजा कोणत्या विरोधकाकडे आहे यावर टांगलेले राहते. ती शक्यता फार तर निम्मी, आणि निम्म्या शक्यतेत फायदा काहीच नाही हे आपण वर पाहिले. हुकमाचे एक्का आणि राजा दोन्ही बाहेर असतील, तर बहुतेक वेळा दोन हात गेलेच. म्हणून आज स्पर्धांमध्ये ‘रोमन की कार्ड ब्लॅकवुड’ जास्त चालते. तिच्यात चार एक्के आणि हुकमाचा राजा अशी पाच महत्त्वाची पाने धरतात. उत्तरे अशी: पाच किलवर म्हणजे एक किंवा चार, पाच चौकट म्हणजे एकही नाही किंवा तीन, पाच बदाम म्हणजे दोन, पण हुकमाची राणी नाही, पाच इस्पिक म्हणजे दोन आणि हुकमाची राणीही आहे. ‘एक किंवा चार’ ऐकून नवख्याला धडकी भरते, पण आधीच्या बोल्यांवरून भिडू दुबळा की भारी हे ठाऊक असते, त्यामुळे गोंधळ क्वचितच होतो.

या उत्तरांच्या क्रमाला खेळाडू ‘चौदा-तीस’ म्हणतात. पहिल्या पायरीवर एक-चार, दुसऱ्यावर तीन-शून्य. शिवाय व्हल्नरेबल असताना सहा इस्पिक किंवा सहा बदाम केल्यावर मिळणारे १४३० गुणही त्या नावात आले. काही जोड्या पहिल्या दोन पायऱ्या उलट ठेवतात. दोन्ही क्रम चालतात, मात्र जोडीतल्या एकाच्या मनात एक आणि दुसऱ्याच्या मनात दुसरा असेल तर अनर्थ ठरलेला.

हुकमाच्या राणीला एवढे महत्त्व का, हेही आकड्यांनी पटते. दोघांचे मिळून नऊ हुकूम आहेत, एक्का-राजा आपल्याकडे आहेत आणि राणी बाहेर आहे, अशी कल्पना करा. एक्का आणि राजा खेळल्यावर ती राणी पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशीच जास्त असते. एक हात जाऊ शकणाऱ्या छोट्या स्लॅमला हे खपते. मोठ्या स्लॅमला तीनपैकी दोनदा यश हवे, तिथे हे पुरत नाही.

राजांची पाळी येते ती इथे. पाचही महत्त्वाची पाने आपल्याकडे आहेत अशी खात्री झाल्यावर विचारणारा ‘पाच नो ट्रंप’ म्हणतो. या बोलीत प्रश्न आहे आणि एक बातमीही आहे: काही कमी नाही, सातचा विचार चालू आहे. म्हणून एखादा एक्का बाहेर असताना राजे विचारू नयेत. त्यातून काही साधत नाही, आणि भिडू त्या बातमीवर विश्वास ठेवून, भरभक्कम रंग हाती असल्यामुळे, आपणहून सातवर उडी मारू शकतो. जुन्या पद्धतीत राजांची संख्या सांगत: सहा किलवर म्हणजे एकही नाही, सहा चौकट म्हणजे एक, असे पुढे. पण एक्क्यांत जी अडचण होती तीच इथेही आहे. विचारणाऱ्याला बदामाचा राजा हवा असतो; ‘एक राजा’ एवढे कळल्याने तो बदामाचा की किलवरचा हे समजत नाही. म्हणून हल्ली अनेक जोड्या राजाचा रंगच बोलतात. सहा बदाम म्हणजे बदामाचा राजा माझ्याकडे आहे, आणि खालचे रंग वगळले, म्हणजे त्यांचे राजे नाहीत. एका उत्तरात तेराव्या हाताचा पत्ता लागतो.

पायऱ्यांच्या उत्तराची एक मर्यादा मात्र कोणत्याच पद्धतीने पुरती सुटलेली नाही. हुकूम इस्पिक असेल तर सगळी उत्तरे पाच इस्पिकच्या आत मावतात आणि थांबायला जागा उरते. हुकूम किलवर असेल तर? तुम्हाला दोन एक्के हवे होते आणि साध्या ब्लॅकवुडचे उत्तर आले पाच चौकट, म्हणजे एक. पाच किलवर मागे पडले. आता मनाविरुद्ध सहा किलवर बोलावे लागतात आणि दोन एक्के देऊन बुडावे लागते. म्हणून किलवर-चौकट हुकूम असताना नको असलेले उत्तर आपल्याला कुठे नेऊन सोडेल, हे विचारण्याआधी पाहायचे. अनेक जोड्यांनी या दोन रंगांसाठी चार नो ट्रंपच्या खालची एखादी बोली एक्क्यांच्या चौकशीला राखून ठेवली आहे.

आणखी एक जागा घसरण्याची. भिडूने एक किंवा दोन नो ट्रंपने सुरुवात केली आणि तुम्ही थेट चार नो ट्रंप म्हणालात, तर बहुतेक सगळ्या जोड्यांमध्ये तो एक्क्यांचा प्रश्न नसतो. तुझे पॉइंट वरच्या टोकाला असतील तर सहा बोल, नाहीतर पास म्हण, असे ते आमंत्रण असते. तिथे एक्के विचारायचे तर चार किलवर म्हणतात. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचे जॉन गर्बर यांच्या नावाने १९३८ पासून ही पद्धत ओळखली जाते. उत्तरे पुन्हा पायऱ्यांची: चार चौकट म्हणजे एकही नाही किंवा चारही, चार बदाम म्हणजे एक, चार इस्पिक म्हणजे दोन, चार नो ट्रंप म्हणजे तीन.

एक शिस्त पानांच्या हिशेबापलीकडची आहे. ज्याने एक्के विचारले तोच त्या डावाचा कप्तान. त्याने उत्तर ऐकून पाच इस्पिक म्हटले की भिडूने पास म्हणायचे. स्वतःकडे चांगली पाने आहेत म्हणून त्याने पुढे जायचे नाही. बाहेर किती एक्के आहेत हे फक्त विचारणाऱ्याला माहीत असते. कधी कधी विचारणारा बराच वेळ घुटमळतो आणि मग पाच इस्पिक म्हणतो. त्या घुटमळण्यावरून भिडूला कळते, की सहा बोलावे की नाही अशी त्याची द्विधा होती. ही माहिती बोलीतून आलेली नाही, चेहऱ्यावरून आणि वेळेवरून आली आहे. तिच्या जोरावर सहा इस्पिक बोलणे ब्रिजच्या नियमांत बसत नाही, आणि विरोधकांनी पंचांना बोलावले तर डावाचा निकाल बदलला जाऊ शकतो. प्रश्न टाकण्यापूर्वीच उत्तरांचा विचार करून ठेवण्याचे हे दुसरे मोठे कारण. ज्याने आधी विचार केला आहे त्याला उत्तर ऐकल्यावर थांबावे लागत नाही आणि भिडूवर बालंट येत नाही.

नव्या भिडूबरोबर खेळायला बसताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. चार नो ट्रंप केव्हा प्रश्न आणि केव्हा आमंत्रण? साधे ब्लॅकवुड की पाच पानांचे, आणि पाच पानांचे असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांचा क्रम कोणता? हुकूम स्पष्ट ठरलेला नसताना कोणाचा राजा मोजायचा, शेवटी बोललेल्या रंगाचा की आणखी कोणता? आणि पाच नो ट्रंपला राजांची संख्या सांगायची की रंग? एवढे ठरले की टेबलावर दोघांना आपापल्या तेरा पानांकडे लक्ष देता येते, आणि चार नो ट्रंप ऐकल्यावर भिडू नेमके काय विचारतोय याचा तर्क कोणालाच करावा लागत नाही.